नोंदवहीत ‘वारं आलं’ लिहावं की ‘संचार झाला’?

माणगंगा: आटपाडीजवळ लग्नानंतरचा गोंधळ बघायला गेलेले, एमएच्या प्रकल्पासाठी. वहीत लिहिलंय, ‘11:40, संबळ वाढला, थोरल्या जावेला वारं आलं, सगळे पाया पडले.’ सर म्हणतात हे विश्लेषणात चालणार नाही. मग ‘संचार झाला’ लिहू का?

कृष्णाकाठ: दोन्ही नको. ‘वारं’ हा डोळ्यांना दिसलेला प्रकार नाही, निष्कर्ष आहे. शब्दच काढ आणि दिसलं तेवढं लिही, केस सुटले, अंग हललं, बास.

मिरजकर: आमच्याकडं वारं म्हणजे लकवा. मामांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात अजून उचलत नाही.

जुनी वही: मिरजकर, तुमचं वारं ‘जातं’, हिचं ‘येतं’, क्रियापदावरच सगळा अर्थ फिरतो. मामांना आराम पडो. कृष्णाकाठचं निम्मं बरोबर, दिसलं ते लिहायलाच हवं, पण ‘वारं’ पुसलं तर सगळ्यात मोलाची नोंद जाईल. तो शब्द तुझा की तिथल्या माणसांचा? कोण म्हणालं, आणि कधी?

माणगंगा: थांबा, आठवून लिहिते. आधी ती घुमायला लागली, केस सुटले, कुणी हललं नाही. मग सासूनं कुंकू लावून विचारलं, ‘कोण हायस?’ ती बोलली, ‘भवानी.’ त्यावर मागची एक म्हातारी म्हणाली ‘वारं आलं’, आणि मग लोक पाया पडले. सव्वाबाराला एक कॉलेजची पोरगी पण तशीच घुमली, तिला कुणी विचारलंच नाही, बाहेर नेऊन पाणी पाजलं.

जुनी वही: अगं हेच तर सापडलंय तुला! पहिल्या नोंदीत क्रम चेपला गेलेला, घुमणं आणि पाया पडणं यांच्यामधला सासूचा प्रश्न गायब होता. संबळ दोघींनी ऐकला, घुमल्या दोघी, पण प्रश्न एकीलाच आला. आता असं लिहून बघ: ‘घुमणं सुरू झालं तरी जमलेल्यांनी लगेच नमस्कार केला नाही. सासूच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्यावरच त्याला “वारं” म्हटलं गेलं. दुसरीला प्रश्न विचारला गेला नाही, तिला पाणी दिलं. म्हणजे या घरात घुमण्याला वारं ठरवण्यात प्रश्न विचारणाऱ्याचा वाटा दिसतो.’ ‘या घरात’ आणि ‘दिसतो’ हे दोन शब्द खोडू नकोस, एका रात्रीच्या दोन प्रसंगांवर याच्यापुढं जाता येत नाही. आणि आज आठवून लिहिलेलं वहीत आजची तारीख टाकून वेगळं ठेव, त्या रात्रीच्या नोंदीत मिसळलं की नंतर तुलाच कळणार नाही कुठलं बघितलं आणि कुठलं आठवलं.

कृष्णाकाठ: पटलं. पण पोरीला विचारलं नाही ते तिचं लग्न झालेलं नाही म्हणून असेल की.

जुनी वही: असेल, किंवा ती पाहुण्यांतली म्हणून, किंवा सासू तेव्हा चुलीपाशी होती म्हणून. वहीतून ते निघत नाही. ‘संचार’ तिथं कुणाच्या तोंडी आला का?

माणगंगा: फक्त गोंधळी म्हणाले, तेही माझ्याशी बोलताना. घरातलं कुणीच नाही. रविवारी परत जातेय, सासूबाईंनाच विचारते दुसरीला का नाही विचारलं.

मिरजकर: गोंधळ्यांना पण विचारा ताई, घरी बोलताना ते काय म्हणतात.