मदत हवी आहे: विकलेले शेअर डीमॅटमध्ये तसेच आणि खात्यातून १,०२,७५० वजा

गोंधळलेला_नाशिककर
डोकं बंद पडलंय. १५० शेअर विकले, भाव ६४०. आज लेजर उघडलं तर १,०२,७५० वजा, समोर फक्त AUCTION DEBIT. कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, दर वेळी गाणं ऐकवून कट. आणि कहर म्हणजे ते १५० शेअर डीमॅटमध्ये अजून आहेत! मग मी विकलं काय? कोणी अनुभवी असेल तर लवकर सांगा, सोमवारी मुलाची फी भरायची आहे.

वडाळ्याचा_वाघ
विक्रीला मंजुरी देणारा टीपिन टाकला नसेल. माझंही असंच झालं होतं. ब्रोकरला कायमची मंजुरी देणारं डीडीपीआय करून टाका, विषय संपला.

गोंधळलेला_नाशिककर
डीडीपीआय दोन वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. विषय संपलेला नाही.

स्पष्टवक्ता७७
ब्रोकरनेच तुमचे शेअर फिरवले असणार. सरळ सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार ठोका.

जुना_बॅकऑफिस
तक्रार नंतर. आधी तीन गोष्टी सांगा. विकत कधी घेतले? विकले कोणत्या वारी? आणि १,०२,७५० वजा झाले त्याच्या आधी ९६,००० जमा झालेले दिसतात का?

गोंधळलेला_नाशिककर
घेतले सोमवारी ६१० ला, विकले मंगळवारी. त्याचा इथे काय संबंध? ॲपमध्ये दिसत होते म्हणूनच विकले. ९६,००० जमा आहेत, पण ते माझ्या विक्रीचेच ना.

जुना_बॅकऑफिस
सगळा संबंध तिथेच आहे हो. मंगळवारी त्या १५० च्या शेजारी बारीक अक्षरात T1 लिहिलेलं होतं का?

गोंधळलेला_नाशिककर
होतं बहुतेक. मला वाटलं काहीतरी कॅटेगरी असेल.

ठाण्याचे_काका
टी+१ आल्यापासून शॉर्ट डिलिव्हरी, म्हणजे विकलेला माल वेळेत न पोचणं, होतच नाही. जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी+१ वर आहेत, एका दिवसात माल हातात. शिवाय आता विकताना डीमॅटमधले शेअर ब्लॉक होतात. त्यामुळे ऑक्शन शक्यच नाही, ब्रोकरची चूक आहे.

जुना_बॅकऑफिस
काका, तारीख बरोबर आणि ब्लॉकचंही बरोबर. पण डीमॅटमध्ये जे आहे तेच ब्लॉक होणार ना? यांच्याकडे मंगळवारी विकताना डीमॅटमध्ये काहीच नव्हतं. T1 म्हणजे 'घेतले आहेत, यायचे आहेत'. ॲपवर दिसतो तो ब्रोकरचा हिशोब. डिपॉझिटरीच्या वहीत नाव चढतं ते पे-आउटनंतर. लोकांना वाटतं की एक्स्चेंजवर सौदा झाला म्हणजे शेअर आपला. सौदा म्हणजे फक्त देण्याघेण्याचं बंधन. दुसऱ्या दिवशी सकाळी विकणाऱ्याने माल आणि घेणाऱ्याने पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे द्यायचे, तो पे-इन; मग ती दोघांना वाटते, तो पे-आउट.

नाशिककर, आणखी एक सांगा. सोमवारी तो शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे त्या दिवसाच्या कमाल भावाला, लागला होता का?

गोंधळलेला_नाशिककर
हो! मी घेतल्यावर तासाभरात लागला, १०% वर, ६२७. म्हणून तर खूश होतो.

जुना_बॅकऑफिस
मग चित्र जवळपास स्पष्ट आहे. सोमवारी सकाळी कोणीतरी हातात माल नसताना विकून बसला, दुपारी स्वस्तात परत घेऊ म्हणून. शेअर सर्किटला लागला, विकणारा कोणी उरला नाही, तो अडकला. मंगळवारच्या पे-इनला त्याने माल दिला नाही. नेमका तुमच्या वाट्याचा माल त्या तुटीत गेला. मग क्लिअरिंग कॉर्पोरेशनने मंगळवारी त्याच्या खर्चाने लिलावात शेअर घेतले आणि ते बुधवारी दुपारनंतर तुमच्या डीमॅटमध्ये आले. तुम्हाला ६१० च्या वर एक पैसाही पडला नाही.

इकडे तुम्ही मंगळवारी तेच शेअर विकले होते. त्यांचा पे-इन बुधवारी सकाळी. तेव्हा तुमचं खातं रिकामं. म्हणजे आता बुडवणारे तुम्ही. बुधवारी तुमच्या नावाने लिलाव झाला, आकड्यावरून ६८५ ला. १५० गुणिले ६८५ म्हणजे तुमचे १,०२,७५०.

गोंधळलेला_नाशिककर
म्हणजे दुसऱ्याने माल दिला नाही आणि भुर्दंड मला? हा कुठला न्याय?

जुना_बॅकऑफिस
तुमच्या खरेदीदाराला तुमच्या विकणाऱ्याशी काय घेणं? त्याचा सौदा वेगळा. पण तुम्ही समजता तेवढं नुकसान नाही. ९१,५०० ला घेतले, ९६,००० आले, १,०२,७५० गेले. म्हणजे खिशातून निव्वळ ९८,२५० गेले आणि १५० शेअर हातात आहेत, ते पडले ६५५ ला. आज भाव काय?

गोंधळलेला_नाशिककर
६४८.

जुना_बॅकऑफिस
म्हणजे १,०५० रुपये आणि वर ब्रोकरचे चार्जेस. ते शेअर आता खरोखर तुमचे आहेत, T1 नाहीत.

सोलापूरची_सुनंदा
मध्येच विचारते, माफ करा. वडिलांच्या १९९४ च्या कागदी सर्टिफिकेटांचं काय करायचं? वडील गेले. डीमॅट उघडलं की आपोआप येतात का?

वडाळ्याचा_वाघ
नाही येत ताई. आधी रजिस्ट्रारकडे तुमच्या नावावर करून घ्या. वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

ठाण्याचे_काका
बॅकऑफिस, ६८५ जरा जास्तच नाही वाटत? बाजार ६४० च्या आसपास आणि लिलाव ६८५?

जुना_बॅकऑफिस
लिलावात माल देणारे मोजकेच असतात, ते भाव चढवतात. कोणीच दिला नसता तर क्लोज-आउट, म्हणजे मालाऐवजी पैशांत हिशोब, झाला असता: सौद्यापासून लिलावापर्यंतचा सर्वात वरचा भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या क्लोजिंगवर २०%, यातला जो जास्त तो. त्यामानाने नाशिककर स्वस्तात सुटले.

स्पष्टवक्ता७७
मग ब्रोकरने विकू का दिलं? बटण त्याने ठेवलंय, दंड ग्राहकाला. मी तर म्हणतो तक्रार कराच.

जुना_बॅकऑफिस
बटण ठेवणं गुन्हा नाही. सर्किटला लागलेल्या शेअरमध्ये ते दाबू नये, एवढंच. पण चार्जेसवर भांडा. लिलावाचा फरक वेगळा आणि ब्रोकरने स्वतःचा म्हणून काही लावला असेल तर तो वेगळा. लेजरवर दोन्ही एकाच ओळीत असतील तर फोड मागा, लेखी. मी सांगतो त्यावरही विसंबू नका. डिपॉझिटरीच्या साइटवर स्वतः लॉगिन करून ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढा. शेअर कोणत्या तारखेला जमा झाले ते तिथे दिसेल. बुधवार असेल तर मी बरोबर. मंगळवार असेल तर स्पष्टवक्ता बरोबर, कारण मग माल असूनही ब्रोकरने पे-इन केला नाही.

ठाण्याचे_काका
हे मात्र पटलं.

गोंधळलेला_नाशिककर
काढलं. बुधवार, १५० जमा. मंगळवारी काहीच नाही. तरी विचारतो, ज्याने मला माल दिला नाही त्याच्याकडून हे पैसे वसूल होतात का?

जुना_बॅकऑफिस
नाही. तो कोण हे तुम्हाला कधी कळणारही नाही. त्याच्याकडून तुमचे १५० शेअर वसूल झाले, तिथे त्याचा विषय मिटला.

गोंधळलेला_नाशिककर
कस्टमर केअरची मेल आली: 'आपली तक्रार नोंदवली आहे, ७२ तासांत संपर्क करू.' फोड मागितली आहे. फीसाठी सोमवारी सकाळी ते १५० विकू का? पैसे त्याच दिवशी काढता येतील ना?

जुना_बॅकऑफिस
विका, पण पैसे बँकेत त्याच दिवशी धरू नका. सोमवारची विक्री, मंगळवारी सेटलमेंट. शाळेला एक दिवस मागून घ्या.

सोलापूरची_सुनंदा
वेगळा धागा काढला आहे. कोणीतरी बघा.