मदत हवी आहे: सनस्क्रीन आणि आवळा तेल डुप्लिकेट निघालंय का? सील, झाकण, यादी बघून कसं ओळखायचं?

वैदेही_डोंबिवली
मंडळी, जरा मदत करा. ऑनलाइन एका सेलरकडून ५० ग्रॅमची सनस्क्रीन ट्यूब आणि ३०० मिली आवळा तेल मागवलं, एमआरपीच्या जवळजवळ निम्म्या भावात मिळत होतं. दोन्हीचे जुने, मेडिकलमधून घेतलेले पीस घरात होते म्हणून शेजारी ठेवून बघितले आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. ट्यूबचं मागचं चपटं टोक असतं ना दाबून बंद केलेलं, त्यावर जुन्या ट्यूबला बॅच नंबर आणि एक्स्पायरी दाबून उमटवलीये, नख फिरवलं की लागते, आणि नव्या ट्यूबला तिथे नुसत्या उभ्या रेघा आहेत, बॅच नंबर अंगावर काळ्या शाईत छापलाय. घटकांची यादी मात्र शब्द न शब्द तीच. तेलाच्या बाटलीचं झाकण फिरवताना शेवटी अडतं आणि एक बाजू वर राहते. आतलं फॉइल अख्खं निघून हातात आलं, काठाला चिकट लागत होतं. तेलाच्या यादीत पहिलं नाव मिनरल ऑइल, आवळा पार खाली. लेक रोज ग्राउंडवर जाताना ही सनस्क्रीन लावते म्हणून जास्त काळजी वाटतेय.

सुहास_एन
ताई, दोन्ही सरळ सरळ डुप्लिकेट आहेत. आवळा तेलात मिनरल ऑइल पहिलं कसं येईल? बॅच नंबरवर नेलपॉलिश रिमूव्हर लावून बघा, पुसला गेला की समजा नकली. आणि झाकणाच्या आत बारीक आकडा असतो तो जुन्या-नव्या झाकणावर वेगळा असेल तर प्रश्नच मिटला.

जुना_क्यूसी
मी बरीच वर्षं अंबरनाथला फिलिंग युनिटमध्ये क्वालिटीला होतो म्हणून लिहितो. सुहासराव, झाकणातला आकडा साच्यातल्या खाचेचा नंबर असतो, एका साच्यात एका वेळी अनेक झाकणं निघतात, त्यामुळे एकाच खोक्यातल्या दोन अस्सल बाटल्यांवरही तो वेगळा सापडेल. रिमूव्हरने अस्सल मालाची शाईसुद्धा पुसली जाते. आणि बाजारातली कितीतरी सुगंधी आवळा, बदाम तेलं मिनरल ऑइलचीच असतात, कायद्याने घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात म्हणून ते पहिलं येतं. ते आवडो न आवडो, त्याने माल नकली ठरत नाही. ताई, जुन्या बाटलीवर पहिलं नाव काय आहे ते बघा.

आता ट्यूबकडे या. ट्यूब तोंडाकडून भरत नाहीत, मागून भरतात. झाकण लावलेली रिकामी ट्यूब मशीनवर उलटी उभी राहते, मागून क्रीम पडतं, मग ते टोक गरम करून दाबतात आणि बऱ्याच लाइनवर त्याच जबड्यात बॅचचे खिळे असतात म्हणून नंबर उमटतो. त्यामुळे भंगारातली वापरलेली ट्यूब परत भरायची तर टोक कापून उघडावं लागतं, जुना बॅच नंबर त्या कापलेल्या पट्टीबरोबर जातो, आणि नवीन नंबर कुठेतरी शाईने मारावा लागतो. तुमची यादी शब्द न शब्द जुळते त्यात नवल नाही, ट्यूब अस्सलच असू शकते, आतला माल कोणाचा हा प्रश्न आहे. झाकण लावून दोन्ही ट्यूब मोजपट्टीवर ठेवा, लांबी मोजा, आणि टोकाजवळची छपाई बघा. शाईतला बॅच नंबर एवढ्यावरच जाऊ नका, काही कंपन्या मुळातच शाईने छापतात.

मृणाल_पिंपरी
माझं पण असंच झालं, खोबरेल फ्रिजमध्ये ठेवलं आणि गोठलंच नाही! म्हणजे नकली ना?

जुना_क्यूसी
मृणालताई, शुद्ध खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, त्यामुळे फ्रिजमध्ये पातळ राहिलं तर त्यात दुसरं काहीतरी नक्की आहे, पण ते लेबलवर लिहिलेलंच असेल तर ती फसवणूक नाही. उलटं मात्र खरं धरू नका, पाम कर्नल तेलाची भेसळ असली तरी गोठतं. आणि वैदेहीताईंच्या आवळा तेलाला ही टेस्ट लागूच होत नाही.

मृणाल_पिंपरी
ओके. अजून एक विचारते, जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेल्या सनस्क्रीनच्या यादीत पाणी, ग्लिसरीन, मग फिनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम आणि एकदम शेवटी झिंक ऑक्साइड आहे. दुसरं उन्हाचं काही नावच नाही. वर एसपीएफ ५० लिहिलंय.

जुना_क्यूसी
ते वापरू नका. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे, त्याला १ टक्क्याची मर्यादा आहे. १ टक्क्याच्या वरचे घटक उतरत्या क्रमाने लिहायचे आणि त्याच्या खालचे कसेही लिहिले तरी चालतात, म्हणजे त्याच्या मागे आलेलं झिंक ऑक्साइड फार तर तेवढंच असणार आणि तेवढ्यावर एसपीएफ ५० येत नाही. यादी खरी असेल तर दावा खोटा, दावा खरा असेल तर यादी खोटी.

न्यूजर्सीकर
इथून आणलेल्या ट्यूबला हा हिशोब लावू नका हं. अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, उन्हाचे घटक वेगळ्या चौकटीत टक्क्यांसकट वर लिहितात आणि बाकीची यादी बऱ्याचदा नुसती एबीसीडीने असते. भावाने माझी ट्यूब याच कारणाने नकली ठरवली होती.

वैदेही_डोंबिवली
मोजलं. नवी ट्यूब ६ मिमी आखूड आहे! आणि पत्त्याची शेवटची ओळ, पिनकोड असलेली, अर्धी त्या दाबलेल्या पट्टीत गेलीये, जुन्यावर ती पूर्ण वाचता येते आणि खाली मोकळी जागा आहे. खोक्यावरचा बॅच नंबरही ट्यूबशी जुळत नाहीये. जुन्या तेलाच्या बाटलीवर पहिलं नाव मिनरल ऑइलच आहे, म्हणजे तो मुद्दा गेला.

जुना_क्यूसी
पिनकोड पट्टीत गेला आणि खोकं-ट्यूब जुळत नाही, हे दोन्ही मिळून माझ्या दृष्टीने पुरेसं आहे. कंपनी सीलसाठी टोकाला मोकळी जागा सोडूनच छपाई करते, छपाई अशी कापली जात नाही. ट्यूब बाजूला ठेवा, लेकीला लावू नका.

तेलाचं झाकण अदलाबदल करून बघा. जुनं झाकण नव्या बाटलीवर आणि नवं झाकण जुन्या बाटलीवर.

वैदेही_डोंबिवली
जुनं झाकण नव्या बाटलीवर मस्त बसलं, उलटी करून ठेवली तरी थेंब नाही. नवं झाकण जुन्या बाटलीवरही तसंच तिरकं अडतंय.

जुना_क्यूसी
म्हणजे बाटलीचे आटे बरोबर आहेत, झाकण परकं आहे. कंपनी झाकणाचा सप्लायर बदलते पण गळ्याचं माप बदलत नाही, त्यामुळे आटे जुळायलाच हवेत. बाटली तोंडाकडून भरता येते, भंगारातून बाटली मिळते, झाकण बाहेरून घ्यावं लागतं, असा माझा अंदाज. फॉइलबद्दल मात्र छातीठोक सांगत नाही. कंपनीचं फॉइल गरम करून काठाशी वितळवलेलं असतं, ओढल्यावर काठावर पातळ पापुद्र्याचं कडं राहतं, पण सहज सोलणारं फॉइलही असतं ते अख्खं निघतं. चिकट डिंक लागला ते मला खटकतं.

सुहास_एन
एखादं झाकण खराब निघूही शकतं ना? फक्त झाकणावरून तेल नकली म्हणणं मला अजून पटत नाही.

जुना_क्यूसी
बरोबर, तेलाबाबत शंका म्हणा, पुरावा नाही. आतलं काय आहे ते लॅबच सांगेल.

वैदेही_डोंबिवली
अपडेट: सनस्क्रीनच्या कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की हा बॅच नंबर त्यांचाच आहे पण १०० ग्रॅमच्या पॅकचा, माझी ट्यूब ५० ची. तेलवाल्यांचं अजून काही नाही. सेलर म्हणतो उघडलेला माल परत घेत नाही. आता एफडीएकडे जाऊ की ग्राहक हेल्पलाइनला?

जुना_क्यूसी
पैशांसाठी १९१५, मालासाठी एफडीए, दोन्हीकडे करा. बिल, सेलरच्या पेजचा स्क्रीनशॉट, खोकं, कंपनीचा मेल सगळं जपून ठेवा आणि ट्यूब जुन्या ट्यूबशेजारी मोजपट्टीसकट फोटोत घ्या. जुनी ट्यूब टाकताना मधून उभी कापून टाका, नाहीतर तीच परत भरली जाते.

वैदेही_डोंबिवली
आज दोन्हीकडे करते. उघडलेल्या तेलाचा नमुना एफडीए घेतं का, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.