पॅकिंगला मुलगी ठेवतेय, मेसेजही तिलाच देऊ का?

भांडुपची मसालेवाली: घरून मसाले विकते. रोज पंचवीसेक पार्सलं. शेजारच्या इमारतीतली मुलगी कॉलेजनंतर तीन ते सहा यायला तयार आहे, सहाला कुरियरवाला येतो. पॅकिंग आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज दोन्ही देऊ का?

दादर, कुर्ते: बिनधास्त द्या ताई. मेसेजला उशीर झाला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. माझा मुलगा पॅक करता करताच उत्तरं देतो.

गिरगाव, लोणची: दादा, तुमच्या कुर्त्यात साइज चुकली तर बदलून देता. खाण्याचं फोडलेलं पाकीट परत घेऊन पुन्हा विकता येत नाही. माझ्याकडे दोन पार्सलांची लेबलं अदलाबदल झाली होती. मुलगी मध्येच मेसेज बघायला उठली, परत आली आणि हाताला लागलं ते लेबल चिकटवलं.

म्हणून ताई, पहिले दोन आठवडे फक्त पॅकिंग. टेबलावर एका वेळी एकच ऑर्डर. चिठ्ठीवरून पाकिटं काढायची, खोक्यात ठेवायची, चिठ्ठीसकट उघड्या खोक्याचा फोटो, मग टेप, लगेच लेबल, मग वजन. समजा अर्धा किलोची दोन आणि पाव किलोचं एक पाकीट आहे, खोका आणि कागद मिळून शंभर ग्रॅम. काटा 1350 च्या आसपास हवा. 1100 दाखवला तर पाव किलोचं राहिलंय. मात्र कांदा-लसूणऐवजी गोडा गेला तर वजन तेवढंच भरतं, ते फोटोतच दिसतं. सुरुवातीला सगळे फोटो कुरियर यायच्या आत तुम्ही स्वतः बघा. त्यासाठी पॅकिंग साडेपाचला संपवायचं.

ठाणे: आमच्या मावशी दहा वर्षं आहेत, कधी काही तपासावं लागलं नाही. विश्वास ठेवा.

गिरगाव, लोणची: मावशींवर माझाही असता. इथे प्रश्न विश्वासाचा नाही, पंचविसाव्या खोक्याला डोळे थकतात.

मुलुंड, केक: फोटोपेक्षा प्रत्येक पार्सलचा व्हिडिओच काढा ना.

गिरगाव, लोणची: बरणी फुटल्याची तक्रार आली तर व्हिडिओ कामाचा, काचेसाठी मीही काढते. पण पंचवीस व्हिडिओ रोज बघणार कोण?

भांडुपची मसालेवाली: आणि मेसेज?

गिरगाव, लोणची: तिसऱ्या आठवड्यापासून, साडेपाच ते सहा. भाव, माल आहे का, पार्सल कुठवर आलं, एवढंच. उत्तरं बिझनेस अॅपमध्ये आधीच लिहून ठेवा, `/भाव` टाइप केलं की येतील. पैसे परत, तक्रार, "शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, चालेल का" हे तुमच्याकडे. "उद्या नक्की मिळेल" असं तिने कुणालाच लिहायचं नाही, कुरियर आपल्या हातात नसतं. लॅपटॉपवर जोडून द्या, यूपीआय असलेला फोन हातात देऊ नका. रात्री दहा संभाषणं वाचा.

दादर, कुर्ते: आणि तीन ते साडेपाच गिऱ्हाइकाने वाट बघायची? मला नाही पटत. बरं, पगार पार्सलमागे द्या, हात भरभर चालतो.

मुलुंड, केक: त्यानेच तर चुका होतात! तासावर द्या.

भांडुपची मसालेवाली: तिला विचारलं, ती पार्सलमागेच म्हणतेय. काटा आज आणते, पैशाचं अजून ठरत नाहीये.