शंभरपैकी शंभर, आणि प्रोग्राम म्हणतो नापास

प्रेषक: वैशाली (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. मंडळाने आमच्या गावच्या अभ्यासिकेला दिलेल्या दोन संगणकांवर मी दिवाळीपासून पायथन शिकते आहे. दहावीच्या ३८ मुलांची गणिताची सराव परीक्षा घेतली, १०० गुणांची. श्रेणी काढायला हा प्रोग्राम लिहिला:

```python
gun = input("गुण: ")
if gun >= "75":
    print("विशेष प्रावीण्य")
elif gun >= "60":
    print("प्रथम श्रेणी")
elif gun >= "45":
    print("द्वितीय श्रेणी")
elif gun >= "35":
    print("उत्तीर्ण")
else:
    print("नापास")
```

बहुतेकांची श्रेणी बरोबर येते. पण एका मुलीला १०० पैकी १०० आहेत आणि तिच्यापुढे "नापास" आलं. एक मुलगा कापूस वेचणीमुळे महिनाभर वर्गात नव्हता. त्याला ९ गुण आहेत, आणि त्याला "विशेष प्रावीण्य" मिळालं. निकाल उद्या फळ्यावर लावायचा होता, तो थांबवला आहे. चूक कुठे आहे, कृपया सांगाल का?

प्रेषक: माधुरी

वैशाली, दहावीला ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम, ४५ ला द्वितीय आणि ३५ ला पास. म्हणजे तुझे आकडे बरोबर आहेत, बदलू नकोस. आमच्या गणपतीच्या वर्गणीच्या यादीतही असंच काहीतरी झालं होतं. रकमेनुसार लावली तर १००० हे २५० च्या आधी येत होते. ती यादी आम्ही शेवटी हातानेच लावली, म्हणून विचारते, याचा तुझ्या प्रश्नाशी संबंध असेल का?

प्रेषक: प्रकाश

संबंध आहे, माधुरीताई. मी जुन्या काळी पगारपत्रकाचे प्रोग्राम लिहीत असे. तिथे प्रत्येक रकाना ठरलेल्या रुंदीचा असायचा आणि रिकाम्या जागी शून्य भरायचं. वैशाली, सगळे गुण तीन अंकी लिही: `009`, `067`, `100`. अटीतही `"075"`, `"060"` असं कर. निकाल बरोबर येईल.

प्रेषक: वैशाली

काका, करून पाहिलं. १०० आणि ९ दोन्ही नीट आले! आणि एक गोष्ट आता लक्षात आली. आणखी एका मुलाला ९ च गुण आहेत, पण त्याचे सरांनी गुणपत्रिकेत लिहितात तसे `09` टाकले होते. त्याला पहिल्यापासून "नापास" बरोबर येत होतं. तेच गुण, फक्त पुढे शून्य. असं का होतं, ते कळलं नाही.

प्रेषक: सचिन (मूळचा पुलगाव)

वैशाली, एकच विचारतो. `75` ला अवतरणचिन्हं कशी आली? तू पहिल्यांदाच अशी लिहिली, की नंतर घातली?

प्रेषक: वैशाली

नंतर, दादा. आधी साधं `gun >= 75` लिहिलं होतं. त्यावर लाल अक्षरात आलं:

```
TypeError: '>=' not supported between instances of 'str' and 'int'
```

मला अर्थ लागला नाही. एका बाजूला अवतरण घालून पाहिलं तर चूक गेली, म्हणून सगळीकडे घातली.

प्रेषक: सचिन

मग रोग तिथंच आहे. ती लाल ओळ तुला खरं सांगत होती: एका बाजूला अक्षरं आहेत, दुसऱ्या बाजूला संख्या, मी तुलना कशी करू? `input` नेहमी अक्षरंच आणून देतो, तू `100` टाकलं तरी त्याच्या लेखी ती 1, 0, 0 अशी तीन अक्षरं. अवतरण घातल्यावर दोन्ही बाजूंना अक्षरं झाली, पायथनचं समाधान झालं. आता तो शब्दकोशासारखी तुलना करतो, पहिल्या अक्षरापासून.

`"100"` आणि `"75"` घे. पहिलं अक्षर 1 आणि 7. 1 आधी येतं, म्हणजे लहान, संपलं. पुढचं पाहतच नाही. 6, 4, 3 यांच्याशीही तेच, म्हणून पोरगी चारही अटींतून खाली घसरत "नापास" वर आली. `"9"` चं पहिलं अक्षर 7 पेक्षा मोठं, म्हणून पहिल्याच अटीत पास. `"09"` चं पहिलं अक्षर 0, ते सगळ्यांत लहान, म्हणून तो बरोबर आला. `"7"` टाकून पाहा, "प्रथम श्रेणी" येईल: `"75"` शी जुळता जुळता तो आधीच संपतो म्हणून लहान, पण 6 पेक्षा मोठा.

दोन अंकी गुणांत अक्षरांचा क्रम आणि संख्येचा क्रम एकच असतो. म्हणून बाकीची पोरं बरोबर आली आणि तुले संशय आला नाही. प्रकाशकाकांचा उपाय चालतो तो यामुळेच, सगळे सारख्या लांबीचे होतात. पण एखाद्यानं शून्य भरायचं विसरलं की पुन्हा तेच. त्यापेक्षा:

```python
gun = int(input("गुण: "))
if gun >= 75:
```

खालच्या तिन्ही अटींतलीही अवतरणं काढ. मग 0, 9, 34, 35, 59, 60, 74, 75, 100 हे टाकून बघ. 67 आणि 82 टाकून ही चूक कधीच दिसली नसती.

प्रेषक: वैशाली

आधी फक्त `int` घातलं आणि अवतरणं काढायची राहिली, तर तीच लाल ओळ आली, पण या वेळी `'int' and 'str'` अशी उलटी. आता ती वाचता आली! अवतरणं काढली, तुम्ही दिलेले नऊही आकडे बरोबर आले. मग लाईन गेली, म्हणून उशिरा लिहिते.

पूर्ण यादी पुन्हा चालवली तर आणखी एक चूक सापडली. एका मुलाला २८ गुण, आणि जुन्या यादीत त्याच्यापुढे "विशेष प्रावीण्य" होतं. दोन अंकी असूनही! आता "नापास" येतं. तुम्ही तर म्हणालात दोन अंकी बरोबर येतात?

प्रेषक: सचिन

तो आकडा टाकताना कीबोर्ड मराठीवर होता का?

प्रेषक: वैशाली

हो! त्याच्या आधी नावं टाकत होते. यादीत तो `२८` असाच आहे.

प्रेषक: सचिन

मग माझं म्हणणं अपुरं होतं. संगणकाच्या क्रमात देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या खूप नंतर येतात, म्हणून `"२"` हे `"7"` पेक्षा मोठं ठरतं. मराठीत टाकलेला प्रत्येक गुण, अगदी `०` सुद्धा, विशेष प्रावीण्यात गेला असता. प्रकाशकाकांची शून्यंही इथे कामाची नव्हती. `int` मात्र `२८` ला नीट 28 करतो, म्हणून आता बरोबर आला. असे देवनागरी अंक आणखी कुठे आहेत ते एकदा पाहून घे, आणि मगच फळ्यावर लाव.

प्रेषक: प्रकाश

हे मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी देवनागरी अंक यंत्रात कधी गेलेच नाहीत.

प्रेषक: वैशाली

आणखी तीन निघाले, तिघांच्याही श्रेणी आता बदलल्या. त्या मुलीचं नाव सगळ्यांत वर लिहिलं आहे.

दोन गोष्टी राहिल्या. गैरहजर मुलांपुढे सरांनी `गै` लिहिलं आहे, तिथे प्रोग्राम `ValueError` देऊन बंद पडतो, म्हणून ती सध्या हाताने वगळली. आणि एकीला ४४.५ आहेत. `int` ला `44.5` चालत नाही. `float` केलं तर ती ४५ च्या खाली राहते. `round` लावून पाहिलं तर 44 आलं, मला 45 येईल वाटलं होतं.

प्रेषक: सचिन

`round` बरोबर मधला अर्धा असला की सम संख्येकडे जातो, 44 कडे. 45.5 चे 46 होतील. पण तिला द्वितीय द्यायची की उत्तीर्ण, ते पायथन ठरवणार नाही. अर्ध्या गुणाचं काय करायचं ते सरांना विचार, मग तसं लिहू.

प्रेषक: माधुरी

मला विचाराल तर अर्धा गुण मुलीला द्यावा. आणि वर्गणीची यादी मी आज पुन्हा उघडून बघते.