रिक्रूटरच्या सारांशातली चुकीची वर्षं आणि पदनामं: पॅनेलकडे जाण्याआधी कशी दुरुस्त करता? (अनुभव धागा)

दुपारचा_चहा

रेझ्युमे आपण लिहितो, पण मुलाखत घेणारे बऱ्याचदा आधी वाचतात तो रिक्रूटरने केलेला आठ-दहा ओळींचा सारांश. एकूण अनुभव, सध्याचं पद, कुठे किती वर्षं, नोटिस पिरियड. यात वर्ष किंवा पदनाम चुकलं की मुलाखतीची पहिली दहा मिनिटं ते निस्तरण्यात जातात, किंवा पॅनेल चुकीच्या पातळीचे प्रश्न विचारत बसतं.

ज्यांनी अशा चुका पकडल्या आहेत, किंवा जे असे सारांश तयार करतात, त्यांनी नेमकं काय करायचं ते इथे लिहावं. कोणाचं किती नुकसान झालं यापेक्षा चूक कुठून येते, कशी ओळखायची, रिक्रूटरला कोणत्या शब्दांत कळवायचं, हे हवं आहे.

कोरा_कागद

भरतीच्या कामात आहे, म्हणून चूक कुठून येते तिथून सुरुवात करते.

सारांश दोन ठिकाणांहून बनतो: तुम्ही पाठवलेली फाइल सॉफ्टवेअर वाचतं ते, आणि फोनवर बोलताना रिक्रूटर टिपून घेतो ते. सॉफ्टवेअर तारखा उचलतं तेव्हा तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे नुसती वर्षं लिहिली असतील तेव्हा. '2018–2020' म्हणजे डिसेंबर 2018 ते जानेवारी 2020 धरले तर 14 महिने, आणि जानेवारी 2018 ते डिसेंबर 2020 धरले तर 36. सॉफ्टवेअर काहीतरी एक धरतं आणि तो आकडा पुढे जातो. दुसरी, 'आजपर्यंत' हा शब्द. नोकरी सोडून तीन महिने झाले तरी जुन्या रेझ्युमेत तो तसाच असेल, तर मोजणी चालूच राहते. तिसरी, एकाच कंपनीत बढती झालेली असते तेव्हा. दोन्ही पदं एकाच नोंदीखाली लिहिली असतील तर वरचं पद पूर्ण काळाला चिकटतं.

फोनवरची चूक निराळी असते. तुम्ही 'साधारण दहा वर्षं' म्हणता, आम्ही '10' लिहितो, आणि 'साधारण' हा शब्द तिथेच गळून पडतो.

शेवटची_बस

इतकं किचकट नाही हो ते. पहिल्या नोकरीचं वर्ष आजच्या वर्षातून वजा करायचं, तोच एकूण अनुभव. रिक्रूटरने वेगळं लिहिलं असेल तर फोन करून सांगायचं. लिंक्डइनवर बरोबर असेल तर पॅनेल तिथेच बघतं, सारांश कोण वाचतो?

मोजपट्टी

शेवटची_बस, फोन करायचं म्हणता ते बरोबर, पण वजाबाकी करू नका. चूक नेमकी तिथूनच शिरते. एक उदाहरण घेऊ, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या उमेदवाराचं.

पहिली नोकरी जून 2015 ते मे 2018, पद ज्युनियर टेस्टर. महिने 36.
दुसरी जून 2018 ते नोव्हेंबर 2020, टेस्ट इंजिनिअर. महिने 30.
मग डिसेंबर 2020 ते ऑगस्ट 2021 नोकरी नाही. 9 महिने.
तिसरी सप्टेंबर 2021 ते फेब्रुवारी 2025. त्यात मार्च 2023 पर्यंत टेस्ट इंजिनिअर, म्हणजे 19 महिने, आणि एप्रिल 2023 पासून टेस्ट लीड, म्हणजे 23 महिने.

वजाबाकी केली तर जून 2015 ते फेब्रुवारी 2025 हे 117 महिने होतात, पावणेदहा वर्षं. सारांशात सहज '10 वर्षं' पडतं. प्रत्यक्षात काम केलेले महिने 36 + 30 + 42, म्हणजे 108. बरोबर 9 वर्षं. खंड आपोआप अनुभवात जमा झाला, तो असा.

पदनामाची चूक याहून मोठी आहे. तिसऱ्या कंपनीच्या नोंदीवर शेवटचं पद 'टेस्ट लीड' दिसतं, म्हणून सारांशात येतं: 'टेस्ट लीड, 2021 पासून, साडेतीन वर्षं'. खरं लीडपण 1 वर्ष 11 महिन्यांचं. जागेला लीडचा तीन वर्षांचा अनुभव लागत असेल, तर या एका ओळीवर उमेदवार यादीत येतो आणि पहिल्या दोन प्रश्नांतच अडकतो. माणसं कशी वाटून दिलीत, कोणाचं मूल्यमापन केलंत, असे प्रश्न येतात आणि उत्तर दोन वर्षांच्या पलीकडे जात नाही.

म्हणून सारांश हातात आला की आधी असा महिन्यांचा तक्ता मांडायचा. सुरुवातीचा आणि शेवटचा दोन्ही महिने मोजायचे, खंड वेगळा लिहायचा, बढतीच्या महिन्याला नोंद तोडायची. दोन कामं एकाच वेळी चालू असतील तर ते महिने एकदाच धरायचे. मग सारांशातल्या प्रत्येक आकड्याशेजारी तक्त्यातला आकडा ठेवून बघायचं.

कोरा_कागद

मोजपट्टी यांनी दाखवलेली लीडची चूक फार वेळा होते, आणि ती उमेदवाराच्या फायद्याची असल्यामुळे कोणी कळवत नाही. ती आधी कळवा, असं मी तळमळीने सांगेन. कमी लिहिलेलं वर्ष मुलाखतीत वाढवून सांगता येतं. जास्त लिहिलेलं वर्ष मात्र ऑफरनंतर कागदपत्रं तपासताना उघडं पडतं. तिथे आधीच्या कंपनीकडून नेमणुकीची तारीख, सोडल्याची तारीख आणि पदनाम मागवतात आणि तुम्ही भरलेल्या माहितीशी ताडून बघतात. तेव्हा 'ते रिक्रूटरने लिहिलं होतं' हे सिद्ध करायला तुमच्याकडे एक मेल लागतो. तो आजच पाठवलेला बरा.

पिवळी_चिठ्ठी

सारांश मागायचा तरी कसा? मागितल्यावर 'तो आमच्या अंतर्गत वापरासाठी असतो' असं उत्तर येतं.

कोरा_कागद

येतं, कारण त्यात पगाराबद्दलची आणि आमच्या मताची टिपणंही असतात. पूर्ण सारांश मागू नका. चार गोष्टी मागा: एकूण अनुभव किती लिहिलाय, या जागेशी संबंधित अनुभव किती, सध्याचं किंवा शेवटचं पदनाम काय, आणि शेवटच्या दोन नोकऱ्यांच्या तारखा कोणत्या. एवढं सांगायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. विचारायची वेळही महत्त्वाची. 'तुमची प्रोफाइल पुढे पाठवतो' असं म्हटलं जातं त्याच फोनवर विचारा. मुलाखतीचं निमंत्रण निघालं की सारांश त्याला जोडून गेलेला असू शकतो.

निळी_शाई

दुरुस्तीचा मेल जितका छोटा तितकं काम लवकर होतं. नवा रेझ्युमे जोडून 'कृपया हा वापरावा' असं लिहिलं तर समोरच्याला काय बदललं ते शोधावं लागतं, आणि गर्दीत तो शोधत नाही. मोजपट्टी यांच्या उदाहरणासाठी मजकूर असा पुरेल:

'सारांशात दोन दुरुस्त्या हव्या आहेत. एक, एकूण अनुभव 10 वर्षं नसून 9 वर्षं आहे. डिसेंबर 2020 ते ऑगस्ट 2021 हा खंड त्यात धरला गेला आहे. दोन, टेस्ट लीड हे पद सप्टेंबर 2021 पासून नसून एप्रिल 2023 पासून आहे. त्याआधी त्याच कंपनीत टेस्ट इंजिनिअर. बाकी सगळं बरोबर आहे. सारांश पॅनेलकडे गेला असल्यास दुरुस्त प्रत पाठवली का, ते कळवावं.'

चुकीचं काय, बरोबर काय, कशामुळे, एवढंच. 'बाकी सगळं बरोबर आहे' हे वाक्य गाळू नका, नाहीतर रिक्रूटर सगळं पुन्हा तपासायला बाजूला ठेवतो. फोनवर बोलणं झालं असलं तरी हा मेल पाठवाच.

शेवटची_बस

खंडाचं मान्य, वजाबाकीत तो राहून जातो खरा. पण खंड आपणहून लिहून दाखवायचा म्हणजे पायावर धोंडा नाही का?

मोजपट्टी

तारखा लिहिल्या की खंड दिसतोच. लपतो तो फक्त नुसती वर्षं लिहिल्यावर, आणि त्याचा परिणाम वर आलाच आहे. कारण सविस्तर सांगायची गरज नाही, मोजणीत तो नको एवढंच सांगायचं.

उंबरठा

माझी अडचण अशी आहे की अनुभवपत्रावरच सोडल्याची तारीख चुकली आहे. 31 मार्चऐवजी 13 मार्च छापलंय. रिक्रूटरने तीच घेतली. यालाही हाच मेल चालेल का?

निळी_शाई

उंबरठा, तुमची चूक सारांशात नाही, मूळ कागदात आहे, म्हणून वाट वेगळी. जुन्या कंपनीच्या एचआरला शेवटच्या महिन्याची पगारपावती आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल जोडून दुरुस्त पत्र मागा. ते मिळेपर्यंत रिक्रूटरला 31 मार्च ही खरी तारीख आणि पत्रातली चूक, दोन्ही एकाच मेलमध्ये कळवा. नुसती खरी तारीख कळवलीत आणि पत्र जुनंच दिलंत, तर विसंगती तुमच्या नावावर पडेल.

वळणरस्ता

पदनाम शब्दशः ठेवायचं का, यावर मत हवंय. काही कंपन्यांत पदाला 'असोसिएट 2' किंवा 'मेंबर टेक्निकल स्टाफ' असं म्हणतात. रिक्रूटर त्याचं 'सीनियर इंजिनिअर' करतो, पॅनेलला कळावं म्हणून. ही चूक म्हणायची का?

कोरा_कागद

माझ्या मते पत्रावरचं पदनाम आधी, आणि पुढे स्वल्पविराम देऊन कामाचं स्वरूप. 'असोसिएट 2, काम सीनियर इंजिनिअरच्या पातळीचं.' तपासणीत पहिला भाग जुळतो, पॅनेलला दुसरा भाग समजतो.

मोजपट्टी

इथे मी सहमत नाही. 'पातळी' कोणी ठरवली? दोन कंपन्यांतला 'सीनियर' सारखा नसतो. पदनाम जसंच्या तसं ठेवावं आणि खाली काय केलं ते एका ओळीत लिहावं, पातळी पॅनेलला ठरवू द्यावी. रिक्रूटरने बदललेलं पद मी तरी दुरुस्त करून घेईन.

कोरा_कागद

तसं केल्यावर अनेक सारांश पहिल्या चाळणीतच गळतात, कारण चाळणारा 'सीनियर' हा शब्द शोधत असतो. पण तुमचा मुद्दा खोटा नाही.

पिवळी_चिठ्ठी

चार गोष्टी विचारल्या. एकूण अनुभव अर्ध्या वर्षाने कमी लिहिला होता, तो सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त केला असं उत्तर आलंय. आता निर्धास्त राहू?

कोरा_कागद

अजून नाही. सॉफ्टवेअरमधली नोंद बदलली तरी आधी मेलने गेलेली पीडीएफ किंवा निमंत्रणाला जोडलेली फाइल बदलत नाही. 'पॅनेलकडे कोणत्या तारखेची प्रत आहे?' एवढंच विचारा. जुनीच असेल तर नव्या प्रतीवर 'आधीच्या प्रतीऐवजी ही वापरावी' असं लिहून पाठवायला सांगा, आणि निमंत्रणातली फाइलही बदलायला सांगा, मुलाखतीच्या वेळी तीच उघडली जाते. त्यांच्या अर्जाच्या फॉर्ममध्ये तुम्ही स्वतः भरलेला आकडाही एकदा बघून घ्या.

पिवळी_चिठ्ठी

फॉर्ममध्ये महिन्यांना जागाच नाही, फक्त पूर्ण वर्षांची यादी. साडेसहाला 6 निवडू की 7?

मोजपट्टी

6. आणि शेरा लिहायची जागा असेल तर तिथे '6 वर्षं 6 महिने'.

वळणरस्ता

आणि मुलाखत सुरू झाल्यावर समोरच्याच्या हातात जुनीच प्रत दिसली तर?

निळी_शाई

ओळख करून देतानाच सांगून टाकायचं: 'तुमच्याकडच्या सारांशात लीड 2021 पासून असं असेल, तर ते एप्रिल 2023 पासून आहे, दुरुस्ती रिक्रूटरकडे पाठवली आहे.' एका वाक्यात, आणि लगेच पुढे. कोणाची चूक होती ते तिथे बोलू नये.