यवतेश्वर घाटासाठी ट्रेलिस, ट्विन-स्पार की डायमंड?

प्रश्न, सातारा: जुनी गाडी घ्यायचीय. ड्यूक ३९० ची पाइपांच्या जाळीची ट्रेलिस, एनएस २०० ची पेरिमीटर, एफझीची डायमंड, यात ताठ फ्रेम कुठली? यवतेश्वरवरून कासला जाणं-येणं असतं.

घाटवेडा: डोळे झाकून ट्विन-स्पार, म्हणजे एनएसची पेरिमीटर. हँडलच्या मुंडीपासून स्विंगआर्मच्या बोल्टपर्यंत दोन पट्ट्या सरळ. रेसिंगमध्ये बाकीचं कोण वापरतं? डायमंड म्हणजे पुढचा पाइप इंजिनपाशी तोडून वाचवलेले पैसे.

फॅब्रिकेशनवाला, सांगली: सरळ पट्टीचं बरोबर. पण केटीएमनं २०२० मध्ये ब्रनोला मोटोजीपीची शर्यत स्टीलच्या फ्रेमवर जिंकली होती. ताठपणा नावात नसतो, जाडीत आणि घेरात असतो. ३० मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पाइप घ्या. दुसरा ६० मिमीचा, १ मिमी जाडीचा. वजन जवळपास सारखंच, पण पिळायला दुसरा साधारण साडेचार पट कडक. मात्र पत्रा पातळ, एका दगडानं पोचा. अॅल्युमिनियम वजनाला स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाचं, पण कडकपणालाही तितकंच. म्हणून त्याच्या पट्ट्या अशा रुंद असतात. एनएसची फ्रेम तर स्टीलचा पत्रा दाबून केलेली आहे, ती हलकीच असेल असं धरू नका.

आणि पाइप तोडलेला नाही दादा, तिथून पुढचं काम इंजिनच्या केसिंगला दिलंय. इंजिनच फ्रेमचा भाग. म्हणून तिथले बोल्ट ढिले तर फ्रेमच अर्धी.

मिरजकर: माझ्या डायमंडवाल्या गाडीचं बोअरचं काम झालं. नंतर ६० च्या वर गेलं की पायपट्टीत झिणझिण्या. चेन बदलली, टायर बदलला. गाडीच भंगार असणार.

फॅब्रिकेशनवाला, सांगली: इंजिन उतरवलं होतं ना? मग एकेक बोल्ट पूर्ण आवळला असेल. आधी सगळे हातानं बसवायचे, इंजिन आपल्या जागी येऊ द्यायचं, मग कंपनीच्या टॉर्कला आवळायचे. ब्रॅकेटच्या कडेला तपकिरी भुकटी दिसली तर तिथं घासतंय. पुढचा ब्रेक दाबून गाडी ढकलताना टक वाजलं तर आधी हँडलच्या मुंडीतला कोनसेट बघा. थ्रॉटल सोडता-देताना वाजलं तर इंजिनचं माउंटिंग, नाहीतर मागच्या चाकाचे रबर.

घाटवेडा: म्हणजे ट्रेलिसला बोल्ट नसतात का? मुद्दा तोच. रेसमध्ये जितकी ताठ तितकी चांगली.

फॅब्रिकेशनवाला, सांगली: तेही अर्धवट. गाडी झुकली की खड्ड्याचा धक्का सस्पेन्शनच्या रेषेत येत नाही, आडवा येतो. तेवढा फ्रेमनं थोडा सोसायचा असतो. किती सोसावा, यावर रेसवाल्यांचीच भांडणं मिटलेली नाहीत.

प्रश्न, सातारा: मग घेऊ कुठली?

फॅब्रिकेशनवाला, सांगली: जिची मुंडी सरळ आहे आणि जोडावर रंगाला चीर नाही, ती. ड्यूकचे वेल्ड तरी नजरेला दिसतात, एनएसला आतून डोकवावं लागतं.

घाटवेडा: मी अजूनही एनएसच म्हणेन.