प्रतिसाद: नाडी शांत, माणूस शांत नाही

"ॲडमिट झाल्यावर दारू बंद झालेल्या पेशंटचे पहिले चोवीस तास शांत गेले, आता दर चार तासांनी बघितलं तर चालेल ना?"

नको, एवढ्यात नको. दारू सुटल्यावर फिट बहुधा ६ ते ४८ तासांत येते, पण खरा भ्रम साधारण ४८ ते ९६ तासांत सुरू होतो. तास शेवटच्या पेगपासून मोजायचे, ॲडमिशनपासून नाही. आमच्याकडे बडोद्यात दारूबंदी, त्यामुळे घरचे पिण्याचं सांगतच नाहीत. मी पेशंटला एकट्यात विचारते, उपचारासाठी हवंय म्हणून.

मांडीचं हाड मोडलेले एक काका होते, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू. तिसऱ्या रात्री नाडी ८८, म्हणून सगळे निर्धास्त. पण उशी घामाने ओली, आणि काका चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचत होते. त्या गोळीने नाडी दबलेली राहते. म्हणून हात पुढे करायला लावून थरथर बघा, वार विचारा, शुगर तपासा. डॉक्टरांनी लोराझेपाम सुरू केलं, ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन दिलं. प्रत्येक डोसनंतर मी पूर्ण मिनिटभर श्वास मोजत होते. हात बांधू दिले नाहीत. बांधलेले असताना फिट आली असती तर कुशीवर वळवता आलं नसतं. कठडे वर, दिवा चालू, उशाशी काकू.